साध्या फ्लॅटला बोहेमियन रूप: मॅक्रमे सगळ्यात शेवटी, आधी ट्यूबलाइट बदला

बोहेमियन सजावट करायची ठरली की बहुतेक जण सुरुवात भिंतीवरच्या मॅक्रमेपासून, म्हणजे सुती दोराच्या गाठी मारून केलेल्या विणकामापासून करतात. ते येतं, सोफ्याच्या वर लागतं आणि खोली होती तशीच दिसते. मग वेताची खुर्ची, दोन कुशन, एक पॅम्पास गवताचा गुच्छ. तरीही फोटोतली ऊब काही घरात येत नाही. वस्तू चुकीच्या नसतात, क्रम चुकलेला असतो. आपल्या फ्लॅटमध्ये पांढरी ट्यूब, चकचकीत आयव्हरी फरशी आणि निळसर पांढऱ्या भिंती असतात. मातकट रंगांना मारक तीन गोष्टी याच. त्या तशाच ठेवून वेत आणि सुताच्या वस्तू कितीही आणल्या तरी त्या फिक्या आणि धुळकट दिसतात.

म्हणून या लेखात एक नेहमीची खोली धरू: वन बीएचकेचा १० बाय १४ फुटांचा हॉल, एका टोकाला ग्रिलची खिडकी, आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्स, गडद रेक्झिनचा सोफा, लॅमिनेटचं टीव्ही युनिट आणि दाराशी चपलांचं कपाट. पाडापाडी नाही, नवं फर्निचर जवळपास नाही. खाली दिलेला क्रम बदलू नका, कारण प्रत्येक टप्प्याचा निर्णय आधीच्या टप्प्यावर अवलंबून आहे.

## टप्पा १: खोली रिकामी करून बघा

एका सुट्टीच्या दिवशी भिंतींवरचं आणि उघड्या फळ्यांवरचं सगळं उतरवा. कॅलेंडर, ट्रॉफ्या, प्लॅस्टिकची फुलं, पडदेसुद्धा. मग तीन गोष्टी टिपून ठेवा: खिडकी कुठल्या दिशेला आहे, दुपारी ऊन नेमकं कुठल्या भिंतीवर येतं, आणि न हलवता येणाऱ्या वस्तूंचे रंग कोणते. आपल्या उदाहरणात फरशी, सोफा आणि टीव्ही युनिट हलणार नाही, त्यामुळे रंग त्यांच्याशी जुळवून घ्यायचा आहे. लॅमिनेट लालसर असेल, म्हणजे महोगनीच्या जातीचं, तर भिंतीला विटकरी रंग नको. दोन लाल एकमेकांशी भांडतात. तिथे पिवडीकडे झुकणारा किंवा वाळूसारखा रंग घ्या. लॅमिनेट सागवानी किंवा करडं असेल तर विटकरी छान बसतो.

तपासून पाहा: रंगवायच्या भिंतीवर एक फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि २४ तासांनी काढा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा भिंत गडद झाली असेल तर भिंतीत ओल आहे. ती आधी दुरुस्त करा. ओलसर भिंतीवर लावलेला गडद रंग फुगून सुटतो, आणि तिला टेकवलेल्या वेताला पावसाळ्यात बुरशी धरते.

## टप्पा २: दिवे

उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. घरातली नेहमीची पांढरी ट्यूब साधारण ६५०० केल्विनची असते. तिच्या उजेडात निळा भाग जास्त असतो, त्यामुळे विटकरी रंग मळका जांभळट दिसतो आणि वेत राखाडी. एलईडी ट्यूबच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. जुन्या फिटिंगमध्ये बसणारी तितक्याच वॉटची, पण ३००० केल्विनची ट्यूब आणा. एवढ्या एका बदलाने जुनाच सोफाही वेगळा दिसतो.

दुसरा दिवा छताला नको. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला किंवा त्याखाली असा एक टेबल लॅम्प किंवा स्टँडचा दिवा सोफ्याच्या कोपऱ्यात ठेवा, २७०० केल्विनचा, ७ ते ९ वॉटचा. वेताची शेड घेणार असाल तर बल्ब नीट निवडा. पारदर्शक काचेच्या फिलामेंट एलईडीने वेताच्या विणीच्या स्पष्ट सावल्या भिंतीवर पडतात, दुधी काचेच्या बल्बने त्या विरघळून जातात. लहान खोलीत मी दुधीच घेईन, कारण चारही भिंतींवर जाळीच्या सावल्या पडल्या तर डोळ्यांना त्रास होतो.

घरात मुलं अभ्यास करत असतील तर पांढरा दिवा वेगळ्या बटणावर राहू द्या. मात्र पांढरा आणि पिवळा एकाच वेळी लावू नका. दोन तऱ्हांच्या उजेडात कुठलाच रंग खरा दिसत नाही.

सावधान: वेताच्या किंवा सुताच्या शेडमध्ये जुना तापणारा बल्ब कधीही लावू नका. एलईडीच लावा, आणि बल्ब व शेड यांच्यात किमान चार बोटं अंतर ठेवा.

## टप्पा ३: एक भिंत, एक रंग

दिवे बदलल्याशिवाय शेडकार्ड उघडू नका. दुकानातल्या उजेडात निवडलेला रंग घरी आल्यावर दुसराच निघतो, ही तक्रार म्हणूनच ऐकू येते.

आपल्या हॉलमध्ये १० फुटांची आखूड भिंत रंगवायची. १४ फुटांची लांब भिंत गडद केली तर खोली बोगद्यासारखी अरुंद वाटते. खिडकी ज्या भिंतीत आहे तीही नको. उजेडाच्या विरुद्ध बघताना ती काळपट दिसते. खिडकीसमोरची आखूड भिंत सगळ्यात चांगली. बाकीच्या तीन भिंती आणि छत निळसर पांढऱ्यातून सायीसारख्या पांढऱ्यात आणा.

रंग निवडताना शेडकार्डवरच्या टिकलीवर विसंबू नका. दोन-तीन छटांचे सँपल घ्या, जाड चार्ट पेपरवर दोन हात देऊन पूर्ण सुकू द्या आणि तो कागद त्याच भिंतीवर टेकवा. सकाळी, दुपारी आणि रात्री नव्या दिव्याखाली बघा. कागदाची खालची कड फरशीला टेकलेली असू द्या, कारण चकचकीत टाइलवरून परावर्तन होऊन रंग बदलतो आणि ते वरून कळत नाही. इमल्शन सुकल्यावर बहुधा थोडं गडद होतं, त्यामुळे ओल्या रंगावर निर्णय घेऊ नका. मनात असलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी आणि किंचित राखाडीकडे झुकणारी छटा घेतली तर ती पूर्ण भिंतीवर नेमकी बसते. गेरूसारखी लखलखीत छटा कार्डावर सुरेख असते, पण ९५ चौरस फुटांवर ती अंगावर येते.

प्रमाण असं: १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच म्हणजे ९५ चौरस फूट. दोन हातांचे १९०. नीट प्रायमर दिलेल्या भिंतीवर एका लिटरमध्ये एका हाताचे १०० ते १२० चौरस फूट होतात, म्हणजे दोन लिटर लागतील. दोन्ही डबे एकाच वेळी घ्या आणि वापरण्यापूर्वी एका बादलीत एकत्र ढवळा. मशिनवर वेगवेगळ्या दिवशी मिसळलेल्या रंगात फरक पडू शकतो.

भिंतीवर जुना चकाकीचा रंग असेल तर १८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून चमक घालवा. भोकं आणि भेगा पुट्टीने भरा, घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि प्रायमर द्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पुट्टीच्या ठिगळावर थेट रंग मारणं. पुट्टी रंग जास्त शोषते, आणि गडद मॅट रंगात ते ठिगळ कायम दिसत राहतं. फिनिश मॅट हवं. चकाकी आली की मातीचा भास गेला.

तपासून पाहा: दुसरा हात सुकल्यावर मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळपास टेकवून आडवा धरा. रोलरचे पट्टे किंवा ठिगळं दिसली तर तिसरा हात आत्ताच द्या. सामान परत लावल्यावर ते होत नाही.

## टप्पा ४: फरशी झाका

आयव्हरी टाइल बदलायची नाही, पण तिचा पाव भाग झाकायचा. बसण्याच्या जागी ५ बाय ७ फुटांचं एक मोठं जाजम घ्या. लहान लहान पायपुसण्यांसारखी तीन टाकू नका. सोफ्याचे पुढचे पाय त्यावर आले पाहिजेत, नाहीतर ते तरंगल्यासारखं दिसतं. तागाचा गालिचा दिसायला उत्तम, पण तो पाणी धरून ठेवतो आणि कोकणपट्टीतल्या जुलैत त्याला वास येतो. किनाऱ्याजवळ राहत असाल तर सुती दरी घ्या. ती घरी धुता येते. धनगरी घोंगडी घरात असेल तर ती सोफ्याच्या पाठीवर टाका. रेक्झिनचा गडद रंग झाकला जातो आणि तिचा स्वतःचा रंग या सगळ्यात अगदी बसतो.

## टप्पा ५: वेत

वेताचं सगळं एकदम आणू नका. एवढ्या हॉलमध्ये एक मोठी वस्तू, एक मध्यम आणि दिव्याची शेड पुरे. मोठी म्हणजे खुर्ची. मध्यम वस्तू विकत घेण्यापेक्षा असलेल्या चपलांच्या कपाटाला वेताची जाळी बसवा. खर्च कमी आणि परिणाम जास्त. पावसाळ्यात ओल्या चपलांना हवा लागते हा वेगळा फायदा.

खुर्ची जुनी घेत असाल तर ती उलटी करा. सांध्यांवरची वेताची पट्टी सुटलेली आहे का बघा आणि पाय हातात धरून हलवा. मग खाली वर्तमानपत्र पसरून खुर्चीवर थापट्या मारा. बारीक पिठासारखी ताजी पूड पडली आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर आत किडा आहे. अशी खुर्ची घरातल्या लाकडी कपाटांशेजारी आणू नये. बांबू आणि वेत यातला फरकही तिथेच बघून घ्या. बांबू आतून पोकळ असतो आणि त्याला पेरं ठळक असतात. वेत भरीव असतो, म्हणूनच तो वाकवून गोल करता येतो.

आता जाळी. आपल्या कपाटाचं दार १५ बाय ३० इंच आहे. आधी ते प्लायचं आहे की भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डचं, हे बिजागरीच्या भोकात डोकावून बघा. आडवे थर दिसले तर प्लाय. भुश्याचे कण दिसले तर मधला भाग कापू नका, उरलेली चौकट ठिसूळ राहते. अशा वेळी सुताराकडून नवी लाकडी चौकट करून घेणं बरं.

प्लाय असेल तर चारही बाजूंना दोन-दोन इंच चौकट सोडून मधला ११ बाय २६ इंचांचा भाग सुताराकडून जिगसॉने कापून घ्या. कापायच्या रेषेवर आधी मास्किंग टेप लावायला सांगा, नाहीतर लॅमिनेटच्या कडा उडतात.

१. जाळीचा १४ बाय २९ इंचांचा तुकडा कापा. चारही बाजूंना दीड इंच जास्तीचा हवा. कापण्याआधी मागच्या, चमक नसलेल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब टाका. खरा वेत तो हळूहळू शोषतो. प्लॅस्टिकवर थेंब तसाच राहतो, आणि प्लॅस्टिकला पुढची भिजवण्याची कृती लागू होत नाही.

२. तुकडा टबात कोमट पाण्यात अर्धा तास पूर्ण बुडवा. रात्रभर भिजत ठेवू नका. रंग काळपट होतो आणि धागे उसवतात.

३. दार पालथं ठेवा. जाळी फडक्याने टिपून, तिची चमकदार बाजू खाली म्हणजे दाराच्या दर्शनी बाजूला येईल अशी पसरा. विणीच्या उभ्या रेषा चौकटीशी समांतर आहेत ना, हे आत्ताच बघा. अर्धा इंचही तिरपी गेली तर कपाट वाकडं वाटत राहतं.

४. स्टेपल गनने आधी वरच्या कडेचा मध्य, मग खालच्या कडेचा, मग डावीकडचा आणि उजवीकडचा. त्यानंतर मध्याकडून कोपऱ्यांकडे, एकेक इंचावर. एक कड पूर्ण मारून मग दुसरीकडे गेलात तर कोपऱ्यात चुणी येणारच.

५. हाताने सपाट होईल इतकंच ताणा, जोर लावू नका. वेत सुकताना आकसतो आणि स्वतःच घट्ट होतो. ओला असताना कचकचून ताणलेली जाळी सुकल्यावर कडेला तुटते, आणि कोरडीच ठोकलेली पहिल्या पावसाळ्यात सैल पडून पोट काढते.

६. दार सावलीत, सपाट, २४ तास सुकू द्या. मग जास्तीची जाळी कटरने छाटा आणि मागून पातळ लाकडी पट्टी फेव्हिकॉल आणि बारीक खिळ्यांनी बसवा.

तपासून पाहा: सुकलेल्या जाळीवर बोटाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ताण बरोबर आहे. मध्यभाग दाबल्यावर खोल जाऊन तसाच राहत असेल तर पट्टी लावण्याआधी मागून पुन्हा ओली करा, स्टेपल काढा आणि पुन्हा ठोका.

## टप्पा ६: मॅक्रमे

आता कुठे सुताची पाळी. भिंतीवरचं मोठं मॅक्रमे विकत घेतलंत तरी हरकत नाही. कुंडीची शिंकाळी मात्र घरी करा, म्हणजे कुंडीच्या मापाने होते. ज्या घरात कधी काळी दुधातुपाचं शिंकाळं टांगलेलं असेल, तिथे हे काही परकं नाही.

६ इंची कुंडीसाठी ४ मिमी जाडीचा सुती दोर लागतो. साडेचार मीटरचे आठ तुकडे म्हणजे ३६ मीटर. दोर कमी पडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे आणि मधे जोड देता येत नाही. कारण सोपं आहे: गाठीत चारपैकी बाहेरचे दोनच दोर खर्ची पडतात, आतले दोन नुसते सरळ उभे असतात. म्हणून तुकडे कडीतून ओवताना बरोबर मधोमध दुमडू नका. एक टोक दीड मीटर, दुसरं तीन मीटर राहू द्या. आठ तुकड्यांची सोळा टोकं होतील. त्यांचे चार-चारचे चार गट करा, प्रत्येकात दोन लांब बाहेर आणि दोन आखूड आत. कडीखाली सगळे दोर एका वेगळ्या तुकड्याने घट्ट गुंडाळून बांधा.

प्रत्येक गटात चौकोनी गाठी मारायच्या. डावा दोर आतल्या दोघांवरून पुढून न्या आणि उजव्याच्या खाली घाला. उजवा मागून घेऊन डाव्याच्या फाशातून वर काढा. ओढा. ही अर्धी गाठ झाली. आता हेच उजवीकडून करा. ओढल्यावर गाठ पूर्ण होते. नवशिक्यांची पट्टी पिळवटत गोल फिरू लागते, कारण दोन्ही अर्ध्या गाठी एकाच बाजूने मारल्या जातात. ते टाळायला प्रत्येक गटात बाहेरच्या एका दोराच्या टोकाला मार्करने खूण करा. अर्ध्या गाठीनंतर दोर बाजू बदलतात, पण पुढून जाणारा दोर दर वेळी तोच खुणेचा असतो. मधेच फोन आला तरी पुढची गाठ कुठून ते चुकत नाही.

प्रत्येक पट्टीत अशा वीसेक गाठी मारा. मग चार बोटं मोकळी सोडून शेजारशेजारच्या गटांतले दोन-दोन दोर घेऊन एकेक गाठ मारा. आणखी तीन बोटं सोडून पुन्हा गट बदलून तसंच. ही झाली टोपली. शेवटी सगळे दोर एकत्र करून तळाशी गुंडाळून बांधायचे, पण त्याआधी कुंडी आत ठेवून बघा. कुंडी एका बाजूला कलत असेल तर एखाद्या गटाची शेवटची गाठ खाली-वर झालेली असते. ती आत्ता सैल करून सरकवता येते.

मातीची कच्ची कुंडी थेट सुतात ठेवू नका. ती पाणी पाझरते, दोर ओला राहतो, काळा पडतो आणि कुजतो. नर्सरीची प्लॅस्टिक कुंडी चकाकी दिलेल्या, तळाला भोक नसलेल्या चिनी मातीच्या कुंडीत बसवा. पाणी घालताना आतली काढून घाला आणि निथळल्यावर परत ठेवा. उजेड कमी असेल तर मनी प्लांट लावा.

### टांगायचं कुठे

ओल्या मातीसकट ही कुंडी अडीच ते तीन किलो भरते. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला ती टांगू नका. तिथला स्क्रू पीओपीसकट खाली येईल. पंख्याच्या हुकला तर हातही लावू नका. खिडकीच्या ग्रिलचा वरचा गज हा सगळ्यात सोपा आणि बिनभोकाचा पर्याय, आणि झाडाला उजेडही तिथेच मिळतो.

भिंतीत ब्रॅकेट लावायचा असेल तर ड्रिल करताना पडणारी पूड बघा. लाल पूड म्हणजे वीट, साधा प्लग चालतो. करडी आणि ड्रिल अडखळत जाणारी म्हणजे काँक्रीट, ६ मिमीचा अँकर वापरा. पांढुरकी, पिठासारखी आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखा शिरला तर सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक. त्यात साधा प्लग फिरत राहतो आणि काही दिवसांत निसटतो, म्हणून सिपोरेक्ससाठीचा वेगळा प्लग मागून घ्या. बटणांच्या आणि दिव्यांच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, तिथून वायरिंगच्या नळ्या जातात. भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी विचारा.

तपासून पाहा: हुक लावल्यावर पाच लिटर पाणी भरलेली बादली त्याला रात्रभर टांगा, जमिनीपासून वीतभर वर. सकाळी हुक जरासाही झुकला असेल तर जागा बदला.

भिंतीवरचं मॅक्रमे एकच लावा, आखूड रंगवलेल्या भिंतीवर. त्याची रुंदी खालच्या फर्निचरच्या साधारण दोन तृतीयांश असावी आणि खालची झालर बसलेल्या माणसाच्या डोक्याला लागू नये. स्वयंपाकघराच्या दाराजवळ मात्र नको. फोडणीची वाफ सुतात बसते, त्यावर धूळ चिकटते आणि पांढरा दोर पिवळा पडतो.

## टप्पा ७: पावसाळ्याआधी

जूनच्या आधी वेताच्या वस्तू भिंतीपासून चार इंच पुढे घ्या, म्हणजे मागून हवा फिरेल. प्लॅस्टिकने झाकून ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. बुरशीचे ठिपके दिसले तर वस्तू बाल्कनीत नेऊन आधी कोरड्या ब्रशने झाडा. मग निम्मं पाणी आणि निम्मं पांढरं व्हिनेगर यात फडकं पिळून पुसा आणि पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात दिवसभर ठेवलेला वेत कोरडा पडून तडकतो.

मॅक्रमे काठीवरून न काढता साबणाच्या थंड पाण्यात बुडवून हलकेच दाबा, पिळू नका. सावलीत टांगूनच वाळवा आणि झालर दमट असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने सरळ करा. कुंडीचं शिंकाळं वर्षातून एकदा उतरवून तळाची गाठ तपासा. दोर तिथे काळा किंवा मऊ झाला असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, नवं विणा.